डोळे पिवळे न होणारी कावीळ

पंचगंगेच्या काठच्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या सभागृहात काविळीवर बोलायला गेलो होतो. या भागात त्या विषयाला प्रस्तावना लागत नाही. २०१२ साली इचलकरंजीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं आणि हजारो लोकांना कावीळ झाली, ते अनेक घरांना अजून आठवतं. मी बोलायला उभा राहतो न राहतो तोच दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी पिशवीतून मुलाचं लसीकरणाचं कार्ड काढलं. "डॉक्टर, हे कार्ड बघा. काविळीची इंजेक्शनं सगळी दिल्यात, एक बी चुकवलं न्हाई. मग पोराला तिसरीत कावीळ झाली कशी?"

कार्ड खरंच नीट भरलेलं होतं. जन्मल्याच्या दिवशी हेप-बीचा डोस, मग दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाचे तीन. पेंटा म्हणजे एकाच सुईत पाच रोगांविरुद्धची लस: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिब आणि हिपॅटायटिस बी. (यातल्या हिबचा यकृताशी काही संबंध नाही. तो मेंदूज्वर आणि न्यूमोनिया करणारा जिवाणू आहे. नावं सारखी असल्यामुळे शिकलेली माणसंही गोंधळतात.) म्हणजे या मुलाला हिपॅटायटिस बीविरुद्ध चार वेळा लस मिळाली होती, आणि त्याला झाला होता हिपॅटायटिस ए. कार्ड बरोबर, आई बरोबर, लसही बरोबर. सरकारी लसीकरणात ए विषाणूची लसच नाही, त्यामुळे ती कार्डावर असणार तरी कशी?

कावीळ ही खूण आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी जुन्या होऊन फुटल्या की त्यांच्यापासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते पित्तावाटे आतड्यात टाकून देतं. यकृत आजारी पडलं की हे द्रव्य रक्तात साठतं, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. यकृत आजारी पाडणारे प्रमुख विषाणू पाच आहेत आणि त्यांना ए, बी, सी, डी, ई अशी अक्षरं दिली आहेत. अक्षरं ओळीनं आली म्हणून ते एका घरातले आहेत असं नाही. प्राणिसृष्टीत उंदीर आणि मासा एकमेकांना जितके परके, तितके हे विषाणू एकमेकांना परके आहेत. म्हणूनच एकाची लस दुसऱ्याला लागू पडत नाही.

ए आणि ई हे दोघे तोंडावाटे शिरतात. आजारी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून किंवा हातांवरून दुसऱ्याच्या पोटात. बी, सी आणि डी रक्तातून आणि शरीरस्रावांतून जातात: सुई, ब्लेड, नीट न तपासलेलं रक्त, शरीरसंबंध, आणि बाळंतपणात आईकडून बाळाला. या दोन वाटांतला फरक एवढाच नाही. तोंडावाटे येणारे दोघे येतात, काही आठवडे मुक्काम करतात आणि जातात. रक्तावाटे येणारे कधीकधी जन्मभर राहतात.

आता त्या मुलाचं पाहू. त्याला आधी चार दिवस ताप होता, मळमळ होती, जेवण बघवत नव्हतं. मग लघवी चहासारखी झाली, आईनं डोळे पाहिले, आणि गंमत म्हणजे डोळे पिवळे झाले त्याच सुमारास त्याचा ताप उतरला आणि भूक परत आली. ए विषाणूचं हे ठरलेलं वागणं आहे. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण चार आठवडे जातात. मुलगा पिवळा दिसू लागला तेव्हा त्याच्या विष्ठेतून विषाणू पडण्याचा मुख्य काळ बहुतेक संपत आला होता, कारण तो काळ कावीळ दिसण्याच्या आधीचे एक-दोन आठवडे असतो. घरच्यांनी त्याचं ताट वेगळं केलं, पण तोपर्यंत धाकट्या बहिणीला जे व्हायचं ते होऊन गेलेलं असणार. अशा वेळी संपर्कात आल्यापासून दोन आठवड्यांच्या आत ए ची लस दिली तर बहिणीला वाचवता येतं. हे फार थोड्या घरांना माहीत असतं.

मुलाला गावातल्या एका जाणकारानं चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावून कावीळ "उतरवली" होती. पाणी पिवळं झालं, चार-सहा दिवसांत पोरगं खेळायला लागलं. सभेत मी त्या माणसाची टिंगल केली नाही. ए विषाणूची कावीळ बहुसंख्य मुलांत आपली आपण बरी होते, तिच्यावर विषाणू मारणारं औषध नाही आणि लागतही नाही. ज्याच्याकडे जाल त्याला यश मिळतं, माझ्याकडे आलात तर मलाही. अडचण येते ती त्याच हातांनी बी ची कावीळ उतरवली जाते तेव्हा. ती उतरल्यासारखी दिसते आणि विषाणू आत तसाच राहतो.

घरी असताना काय पाहायचं, तेही सांगून ठेवतो, कारण लोक चुकीच्या आकड्याकडे बघत बसतात. "कावीळ किती पॉइंट?" हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न. बिलिरुबिन आठ की बारा, यावर घरात रडारड होते. डॉक्टर त्याहून जास्त लक्ष देतो ते रक्त गोठण्याच्या चाचणीकडे, जिला रिपोर्टवर पीटी आणि आयएनआर म्हणतात. रक्त गोठवणारे पदार्थ यकृत बनवतं. आयएनआर चढत असेल, म्हणजे १.५ च्या वर गेला असेल, तर यकृत खरोखर थकत चाललं आहे. चाचणी करायच्या आधीच्या खुणा म्हणजे रुग्ण दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो, असंबद्ध बोलतो, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त येतं. अशा रुग्णाला माळ, झाडपाला, मंत्र काही न करता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्यायचं. बाकीच्यांनी भूक असेल ते खावं. हळद आणि तेल बंद करण्यानं यकृताला काही फायदा होत नाही. उसाचा रस प्यायला हरकत नाही, पण त्यात टाकलेला बर्फ कुठल्या पाण्याचा, हे विचारा. अनेकदा कावीळ बरी करायला पाजलेल्या रसातूनच दुसरी काहीतरी लागण येते.

ए बद्दल एक उलटं गणित आहे. लहान मुलांना, विशेषतः सहा वर्षांखालच्या, ही लागण झाली तर बहुतेकांना कावीळ होतच नाही. थोडा ताप, थोडी हगवण, संपलं, आणि जन्मभराची प्रतिकारशक्ती मिळते. पूर्वी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मूल शाळेत जायच्या आधी या विषाणूला भेटून मोकळं झालेलं असे. आता नळाचं पाणी सुधारलं, घरोघरी शुद्धीकरणाची यंत्रं आली, आणि अनेक मुलं ही लागण न होताच मोठी होतात. मग कॉलेजच्या वसतिगृहात किंवा एखाद्या लग्नाच्या जेवणात ती पहिल्यांदा गाठते. मोठ्या वयात ए जास्त जोरात येतो, आठवडेच्या आठवडे अंथरुणात ठेवतो आणि क्वचित यकृत निकामीही करतो. केरळात अलीकडे जी ए ची साथ आली, तिच्यात तरुण माणसं बरीच आजारी पडली, त्याचं कारण हेच. म्हणून बालरोगतज्ज्ञ आता एक वर्षानंतर ए ची लस सुचवतात. ती खासगीत, पैसे भरून घ्यावी लागते. एक प्रकार मारलेल्या विषाणूचा, त्याचे दोन डोस सहा महिन्यांच्या अंतरानं. दुसरा प्रकार दुबळ्या केलेल्या जिवंत विषाणूचा, तो एकच डोस. दोन्ही चांगल्या आहेत. ज्याला ए होऊन गेला आहे, त्याला लशीची गरज नाही.

ई विषाणूची कथा आपल्याच देशातली आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेचा प्रवाह बदलला आणि नजफगढ नाल्याचं सांडपाणी जलशुद्धीकरण केंद्राच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत आलं. अधिकाऱ्यांच्या लक्षात आलं, त्यांनी क्लोरीन वाढवलं. त्यामुळे विषमज्वर पसरला नाही, पण कावीळ पसरली, सुमारे २९ हजार लोकांना. क्लोरीन जिवाणूंना जितक्या सहज मारतं, तितक्या सहज या विषाणूला मारत नाही. बरीच वर्षं ती साथ ए ची समजली गेली. पुढे त्या वेळी जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले, तेव्हा ती ए ची नव्हती आणि बी ची पण नव्हती असं दिसलं. १९८३ मध्ये बालायान या रशियन शास्त्रज्ञानं रुग्णांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला, स्वतः आजारी पडला, आणि स्वतःच्या विष्ठेत सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू पाहिला. असले प्रयोग आज कुणी करू देणार नाही, आणि बरंच आहे.

इचलकरंजीची साथही ई ची होती. या विषाणूचा सर्वांत क्रूर भाग गर्भवतींच्या वाट्याला येतो. तरुण पुरुषांत शंभरातला एखादा दगावतो, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत लागण झाली आणि कावीळ झाली तर शंभरातल्या वीस-पंचवीस बायका दगावू शकतात. असं नेमकं का होतं, याची पूर्ण उकल अजून झालेली नाही. म्हणून साथीच्या गावात पहिली यादी गरोदर बायकांची करायची, आणि त्यांचं पाणी उकळायचं. उकळणं म्हणजे बुडबुडे आले की गॅस बंद करणं नव्हे, खळखळून काही मिनिटं उकळू द्यायचं. ई ची लसही आहे. ती चीनमध्ये बनते, तिथे तिला २०११ मध्ये मान्यता मिळाली, आणि तिचे तीन डोस असतात. २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या एका निर्वासित छावणीत साथीच्या काळात ती पहिल्यांदा दिली गेली. आपल्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. पंचगंगेच्या काठी आजही ई विरुद्धचं हत्यार म्हणजे नळाची जोडणी आणि गटाराची पाइपलाइन एकमेकींपासून दूर ठेवणं.

एवढं सांगेपर्यंत सभागृहाला वाटलं की मोठं संकट पाण्यात आहे. पण मी ज्या रुग्णांना यकृताच्या सूज-पाण्यानं पोट फुगलेल्या अवस्थेत पाहतो, त्यातल्या अनेकांना आयुष्यात कधी कावीळ झालेलीच नसते. ते बी आणि सी चे रुग्ण असतात.

बी विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो आणि शांतपणे वाढतो. पेशीला तो स्वतः फारसं दुखवत नाही. दुखवतं ते आपलं संरक्षण, जे विषाणू असलेल्या पेशी ओळखून मारायला लागतं. मोठ्या माणसाच्या शरीरात ही लढाई जोरात होते, डोळे पिवळे होतात, आणि शंभरातल्या सुमारे ९५ जणांत विषाणू हरतो. नवजात बाळाच्या शरीराला मात्र परका ओळखायचं शिक्षण मिळालेलं नसतं. ते विषाणूला घरचाच समजतं. लढाई नाही, कावीळ नाही, ताप नाही, आणि शंभरातल्या ९० बाळांत विषाणू जन्मभरासाठी राहतो. एक ते पाच वर्षांच्या मुलांत हे प्रमाण साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत येतं. ए मध्ये लहानपणी लागण होणं हा जवळजवळ फायदा असतो. बी मध्ये तेच सर्वांत वाईट. दोन्ही बाळांचे डोळे पांढरेशुभ्र असतात, पण एकाचं दुखणं संपलेलं असतं आणि दुसऱ्याचं सुरू होऊन पुढे वीस-तीस-चाळीस वर्षं चालणार असतं, यकृत कडक होणं किंवा कर्करोग, इथपर्यंत.

म्हणून बी ची पहिली लस जन्मल्यापासून २४ तासांच्या आत द्यायची. ती बाळाला "सोसेल का" हा आजीचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर सोपं आहे. या लशीत विषाणू नसतोच. आधीच्या काळात, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, ती विषाणू बाळगणाऱ्या माणसांच्या रक्तातल्या द्रवापासून बनवत. आता विषाणूच्या वरच्या आवरणातलं एक प्रथिन यीस्टच्या पेशीत बनवून घेतात, आणि फक्त तेवढंच टोचतात. चोराऐवजी त्याचा सदरा कुत्र्याला हुंगायला द्यावा, तसा हा प्रकार. सदरा कुणाच्या घरी चोरी करू शकत नाही. ही लस भारतात शांता बायोटेक्निक्स या हैदराबादच्या कंपनीनं १९९७ मध्ये स्वस्तात बाजारात आणली. त्याआधी परदेशी लस सामान्य घराच्या आवाक्यात नव्हती. सरकारी लसीकरणात ती २००२-०३ मध्ये थोड्या शहरांत आणि जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०११ मध्ये देशभर पोचली. या तारखा मी गावात मुद्दाम सांगतो. म्हणजे आज तिशीच्या पुढच्या बहुतेकांना ही लस लहानपणी मिळालेली नाही.

जन्माचा डोस सगळ्यात जास्त चुकतो, आणि चुकायची कारणं वैद्यकीय नसतात. बाळ रविवारी जन्मतं आणि लसीकरणाची नर्स सोमवारी येते. बाळंतपण घरी होतं. दवाखान्यात दहा डोसांची कुपी असते आणि एका बाळासाठी ती फोडली तर बाकीचे नऊ वाया जातील म्हणून कुणी फोडत नाही. ही भीती चुकीची आहे. नीट ठेवलेली उघडी हेप-बीची कुपी २८ दिवसांपर्यंत वापरता येते, फक्त उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी लागते.

उलटी चूकही होते. बी ची लस उष्णतेला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण गोठली की मेली. लशीला २ ते ८ अंश हवेत. नवखा मदतनीस बर्फाचे पॅक फ्रीझरमधून काढले की लगेच पेटीत ठेवतो, कुपी त्यांना टेकते आणि गोठते. वितळल्यावर ती पुन्हा द्रव दिसते, कुपीवरचा रंग बदलणारा ठिपका ठीक असतो, कारण तो ठिपका उष्णता ओळखतो, थंडी नाही. ओळखायचं असं: संशय असलेली कुपी आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली दुसरी कुपी हलवून शेजारी ठेवायच्या. गोठलेल्या लशीत पांढऱ्या कणिका होतात आणि त्या भराभर खाली बसतात. चांगली लस बराच वेळ एकसारखी गढूळ राहते. पॅक बाहेर काढून त्यात पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबायचं, मगच पेटी भरायची. हे सांगितलं तेव्हा सभेतल्या एका आशाताईंनी वही काढली.

आता एक प्रकरण. सातव्या महिन्यात नेहमीच्या तपासणीत एका सुनेचा एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला. हा विषाणूच्या त्याच आवरणाचा तुकडा, लशीत असतो तोच. रक्तात सापडला म्हणजे विषाणू शरीरात आहे. (लस घेतल्यावर लगेचच्या काही दिवसांत ही चाचणी केली तर लशीचाच तुकडा सापडू शकतो. म्हणून रिपोर्टच्या आधी तारीख विचारावी.) तिला कधी कावीळ झाली नव्हती, कुठलीही तक्रार नव्हती. बहुधा ती स्वतः जन्मली तेव्हा तिच्या आईकडून आला असेल. सासूबाईंनी पहिल्या संध्याकाळीच ताट वेगळं केलं आणि दुसऱ्या दिवशी विचारलं, "डॉक्टर, घरातल्या सगळ्यांना होणार का?"

आधी ताट एकत्र केलं. बी विषाणू जेवणातून, मिठीतून, एका पलंगावर झोपण्यातून जात नाही. दात घासायचा ब्रश, दाढीचं ब्लेड, नखं कापायचं यंत्र मात्र वेगळं हवं, कारण वाळलेल्या रक्तातही हा विषाणू सात दिवस टिकतो. मग तिच्या रक्तातला विषाणू मोजला. डीएनएची संख्या दर मिलीलिटरला दोन लाखांच्या वर आली. इतका विषाणू असेल तेव्हा बाळाला फक्त लस देऊन भागत नाही, म्हणून २८ व्या आठवड्यापासून तिला टेनोफोव्हिरची रोज एक गोळी सुरू केली. यामुळे बाळंतपणाच्या वेळी रक्तातला विषाणू कमी राहतो. हे औषध आणि चाचण्या राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रमातून मोफत मिळतात. हा कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झाला. २८ जुलै हा बी विषाणू शोधणाऱ्या ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस.

बाळंतपण दवाखान्यात झालं, नैसर्गिक. निव्वळ बी आहे म्हणून सिझेरियन करायची गरज नसते. बाळाला पहिल्या १२ तासांत दोन टोचण्या मिळाल्या, एका मांडीत लस, दुसऱ्या मांडीत हिपॅटायटिस बी इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयतं तयार संरक्षण. लस शरीराला शिकवते पण तिला वेळ लागतो. इम्युनोग्लोब्युलिन तो वेळ काढून देतं. ते मिळायला थोडं अवघड आणि महाग असतं, म्हणून आठव्या महिन्यातच ते कुठे मिळेल याची चौकशी करून ठेवावी, बाळंतपणाच्या रात्री मेडिकलच्या दारात उभं राहू नये. पुढे दीड, अडीच, साडेतीन महिन्यांना पेंटा, ठरल्या तारखेला. आईनं अंगावर दूध पाजलं. बाळाची तपासणी लगेच करून उपयोग नव्हता, कारण आयत्या संरक्षणाचे अंश काही महिने रक्तात राहून रिपोर्टला फसवतात. नवव्या महिन्यानंतर केली. एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीएस दहाच्या पुष्कळ वर. ही दुसरी चाचणी संरक्षण मोजते, दहाच्या वर म्हणजे पक्कं संरक्षण. काहीही न करता अशा बाळांत विषाणू राहण्याची शक्यता ७० ते ९० टक्के असते.

घरातली इतर माणसं राहिली होती. नवऱ्याची चाचणी निगेटिव्ह, त्याला आज, एक महिन्यानं, सहा महिन्यांनी असे तीन डोस. पाच वर्षांची थोरली मुलगी सुदैवानं निगेटिव्ह आणि लसीकरण झालेली. आईला बाळंतपणानंतर लस देऊन काय होणार, असं सासूबाईंनी विचारलं. काही होणार नाही. विषाणू आधीच आत असेल तर लस काही करत नाही, नुकसानही नाही, फायदाही नाही. तिला दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी आणि सोनोग्राफी. सगळ्यांनाच औषध लागतं असं नाही, यकृताला सूज आली किंवा कडकपणा वाढला की सुरू करायचं.

बी ची लस घेतली की डी ची वेगळी लस लागत नाही. डी हा अर्धवट विषाणू आहे. स्वतःचं आवरण त्याला बनवता येत नाही, बी चं वापरतो, त्यामुळे बी नसेल तर डी नाही.

सी चं उलट. सी ला १९८९ मध्ये नाव मिळालं, त्याच्या शोधाबद्दल तिघांना २०२० मध्ये नोबेल मिळालं, आणि लस आजही नाही. हा विषाणू स्वतःच्या नकला करताना सतत चुका करतो, त्या चुकांतून आवरण बदलत जातं, एकाच माणसाच्या शरीरातही. कुठला सदरा हुंगायला द्यायचा, हाच प्रश्न. पण औषध आहे. सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर या गोळ्या साधारण १२ आठवडे घेतल्या की शंभरातले ९५ हून जास्त जण पूर्ण बरे होतात. विषाणू शरीरातून जातो, नुसता दबत नाही. बी मध्ये असं क्वचितच होतं. मात्र सी बरा झाल्यानं प्रतिकारशक्ती येत नाही. पुन्हा घाणेरडी सुई टोचली तर पुन्हा होतो. आणखी एक फसवणूक: सी ची पहिली चाचणी प्रतिद्रव्यांची असते, ती बरं झाल्यावरही जन्मभर पॉझिटिव्ह राहू शकते. विषाणू आहे की नाही, हे आरएनए चाचणीनंच कळतं. नुसत्या पहिल्या रिपोर्टवर कुणाला नोकरी नाकारू नये आणि औषधही सुरू करू नये.

सुया कशा वापरल्या जातात, यावर मी जास्त बोललो, कारण गावात अजून "एक सुई मारा" म्हटल्याशिवाय ताप उतरत नाही. २००९ मध्ये गुजरातच्या मोडासा भागात दवाखान्यांतून वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे बी ची साथ आली आणि डझनांनी माणसं दगावली. पाकीट आपल्यासमोर फोडलेली सिरिंज मागणं हा रुग्णाचा हक्क आहे. सलाईनचं औषध वेगळं, सिरिंज वेगळी, हे डोळ्यांनी बघून घ्या. टॅटू काढणारा प्रत्येकाला नवी सुई आणि नवी शाई घेतो का, तेही.

शेवटी मागच्या रांगेतला एक तरुण उठला. "डॉक्टर, मला दहावीत कावीळ झालेली. आता रक्तदान शिबिरात फॉर्मवर कावीळ लिहिलं की परत पाठवतात. माझं रक्त वाईट आहे का?" याचं उत्तर कुठली कावीळ होती यावर आहे. ए किंवा ई होती, तर बरं झाल्यावर वर्षभरानं रक्त देता येतं. बी किंवा सी असेल तर कायम नाही. आणि कुठली होती ते माहीतच नसेल, तर रक्तपेढी खबरदारी म्हणून कायमच नकार देते. त्याच्याकडे दहावीतला एकही रिपोर्ट नव्हता, फक्त एका मांत्रिकाची माळ होती. मी त्याला दुसऱ्या दिवशी एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही करून घ्यायला सांगितलं. पूर्वीची कावीळ कुठली होती, ते त्यातून कळणार नाही आणि रक्तपेढीचा नियमही बदलणार नाही, पण त्याच्या अंगात आज बी किंवा सी आहे का, ते कळेल. बी नसेल, तर त्याच भेटीत पहिला डोस.